दुसरीचा वर्ग: ठेका आणि शब्दांची लय वेगळी कशी करून द्यावी? (टाळ्या, थापा, घरी केलेली वाद्यं)

वहीपेन:

नमस्कार मंडळी. मी दुसरीला शिकवते. संगीत माझा विषय नाही. थोडंफार गाता येतं म्हणून संगीताची तासिका माझ्या गळ्यात पडली आहे. पस्तीस मिनिटं, तीस मुलं, बाकं बाजूला सारता येतात.

सध्या तालाचा पाठ चालू आहे. आधी टाळ्या, मग मांडीवर थापा आणि पाय, शेवटी मुलांनी घरून बनवून आणलेली वाद्यं, असा बेत आहे. त्यासाठी चार ओळी मीच जुळवल्या. कवितेबद्दल हसू नये.

धाव धाव ढगा रे
ढोल वाजव बघा रे
आम्ही देतो टाळ्या चार
तू दे पाऊस गार

अडचण अशी आहे की "ठेक्यावर टाळी द्या" म्हटलं की अर्धा वर्ग प्रत्येक अक्षराला टाळी देतो, अर्धा माझ्याकडे बघून देतो, आणि तिसऱ्या ओळीत कोण काय करतंय ते मलाच कळेनासं होतं. शिवाय वेग. कितीही संथ सुरुवात केली तरी चौथ्या ओळीपर्यंत गाडी सुसाट सुटलेली असते.

पुढच्या आठवड्यात वाद्यं येणार आहेत. टाळ्यांचंच हे असेल तर डब्यांचं काय होईल? ज्यांनी एवढ्या लहान मुलांबरोबर हे केलंय त्यांनी सांगा.

---

चष्मिष:

तीस मुलं आणि तीस डबे. शेजारच्या वर्गाच्या बाईंशी आत्तापासूनच गोड बोलायला लागा.

---

गणितमास्तर:

सोपं आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारं यंत्र, लावा, मिनिटाला ६० टकांवर. फोनवर फुकट मिळतो. मुलांना मोठ्याने एक-दोन-तीन-चार म्हणायला लावा आणि प्रत्येक आकड्याला टाळी. हळू शिकवलं की पक्कं होतं, पाढ्यांसारखंच. ६० वर जमलं की ७०, मग ८०. वेग वाढण्याचा प्रश्नच येणार नाही, कारण यंत्र वाढत नाही.

---

ठेकेदार:

(आयडीवर विनोद नकोत, तबला वाजवतो म्हणून ठेकेदार. रस्त्याची कंत्राटं घेत नाही.)

मास्तर, हळू म्हणजे सोपं हे पाढ्यांना लागू असेल, ठेक्याला नाही. स्वतः करून बघा. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर टाळ्या द्या. दोन टाळ्यांच्या मध्ये एक अख्खा सेकंद रिकामा असतो. आपण मोठी माणसं तो मनातल्या मनात भरतो, कुणी "एक-आणि" म्हणतो, कुणी मान हलवतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे तो सेकंद भरायला काही नसतं, म्हणून ते लवकर टाळी देऊन मोकळं होतं.

लहान मुलांना "तुला वाटेल तसं टेबलावर टकटक कर" म्हटलं तर ती आपल्यापेक्षा बऱ्यापैकी जलद करतात. त्यांचा अंगचा वेगच तेवढा असतो. त्यामुळे मी ११०-१२० च्या आसपास सुरू करतो. मुलं रमतगमत नव्हे, पण धावतही नाहीत अशी चालतात ना, साधारण तेवढा. त्या वेगाला ती टिकतात. ६० वर टिकणं ही नंतरची, बरीच अवघड पायरी आहे.

आता मूळ प्रश्न. वहीपेन, तुमच्या वर्गात जे अक्षराला टाळी देतात ते चुकत नाहीयेत, ते दुसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतायत. शब्दांची लय तोंडात असते, आणि हात तोंडाच्या मागे जातात. म्हणून हातांकडून ठेका मागूच नका. सुरुवातीला ठेका पायांना द्या.

पहिल्या दिवशी टाळी बंद. उभं राहून जागच्या जागी चालायचं आणि चालता चालता ओळी म्हणायच्या. पाय अक्षरांच्या मागे धावू शकत नाहीत, तेवढे चपळ नसतात, त्यामुळे ठेका आपोआप पायात उतरतो. चार ओळी, प्रत्येकी चार पावलं, एकूण सोळा पावलं. ते झालं की पाय थांबवून ओळी म्हणत फक्त शब्दांच्या टाळ्या. मग तिसऱ्या दिवशी दोन गट: एक गट चालतो, दुसरा शब्दांच्या टाळ्या देतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना तेव्हा ऐकू येतं. तोंडी सांगून ते कळत नाही, मोठ्यांनाही नाही.

---

वहीपेन:

ठेकेदार, पटतंय. पण चौथ्या ओळीत चार पावलं कशी? "तू दे – पाऊस – गार" इतकंच तर आहे.

---

ठेकेदार:

तीच त्या कवितेतली उत्तम जागा आहे. "गार" नंतर चौथं पाऊल गप्प पडतं. लिहून दाखवतो. उभ्या रेघांच्या मधे एक पाऊल:

धाव | धाव | ढगा | रे
ढोल | वाजव | बघा | रे
आम्ही | देतो | टाळ्या | चार
तू दे | पाऊस | गार | ( )

आता टाळ्या मोजा, लिहिलेल्या अक्षराला नाही, बोलताना पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याला एक. पहिली ओळ १, १, २, १ म्हणजे पाच. दुसरी १, २, २, १ म्हणजे सहा. तिसरी २, २, २, १ म्हणजे सात. चौथी २, २, १ आणि गप्प, म्हणजे पाच. एकूण टाळ्या तेवीस, पावलं मात्र सोळा. मुलांना हे मोजायला लावा, पायांच्या गटाने सोळा आणि हातांच्या गटाने तेवीस मोजले की "आम्ही जास्त वाजवलं पण एकदमच संपलं, असं कसं?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. तिथे पाठ झाला समजा.

एक गोष्ट नक्की होणार. ओळी परत म्हणताना मुलं ते गप्प पाऊल गिळणार आणि "गार" वरून थेट "धाव" वर उडी मारणार. अर्ध्या तक्रारी "वेग वाढतो" या नावाखाली येतात, पण प्रत्यक्षात हे गिळलेलं पाऊल असतं. तपासायला सोपं आहे: ओळी दोनदा सलग म्हणायला लावा आणि पायांकडे बघा. बत्तीस ऐवजी एकतीस पावलं पडली तर वेग ठीक आहे, गप्प जागा गेली.

---

चष्मिष:

तेवीस टाळ्या देऊन पाऊस एकच. ढगाची चांगलीच वसुली आहे.

---

लघुगुरू:

कवितेबद्दल हसू नये म्हणालात म्हणून हसत नाही, पण एक खटकलं ते सांगतो, कारण त्याचा टाळ्यांशी थेट संबंध आहे.

"ढगा" आणि "बघा" हे शब्द लघु-गुरू आहेत. "ढ" आखूड, "गा" लांब. सावकाश बोलून बघा, "ढगाऽ" असंच येतं. ठेकेदारांनी तिथे एका पावलात दोन सारख्या टाळ्या धरल्या आहेत, पण मुलांचे कान शाबूत असतील तर ती "ट-टाक्" अशी एक तोकडी आणि एक लांब टाळी देतील. मग बाई म्हणणार सारखी द्या, मुलं म्हणणार सारखीच देतोय, आणि भाषेशीच भांडण सुरू.

पहिल्या पाठासाठी जिथे दोन अक्षरं एका पावलात बसवायची तिथे दोन्ही गुरू घ्या. "टाळ्या", "आम्ही", "देतो" छान आहेत. "वाजव" पण चालतं, कारण बोलताना ते वा-जव असं दोन सारख्या तुकड्यांत पडतं. "पाऊस" तसंच. फक्त पहिल्या दोन ओळी बदला:

धाव धाव मेघा रे
ढोल वाजव मोठा रे

टाळ्यांची संख्या तीच राहते. यमक किंचित लंगडं झालं, पण "रे" सांभाळून घेतो.

---

ठेकेदार:

लघुगुरू, मान गये. मी तबल्यावर बोल बसवताना हे रोज करतो आणि इथे नजरेतून सुटलं.

---

दोन मुलींची आई:

माझी धाकटी दुसरीतच आहे. तिच्या नृत्याच्या बाईंनी सांगितलं की तिला तालाचं अंगच नाही, दुसरं काहीतरी शिकवा. तिच्यासाठी कोणतं वाद्य घ्यावं? तबला लावू की ड्रम? मोठी कॅसिओ वाजवते.

---

मृदुला:

दोन मुलींची आई, वाद्य खरेदीचा धागा हा नाही, पण तुमचं ऐकून राहवलं नाही. सातव्या वर्षी "तालाचं अंग नाही" हे फार लवकर आहे. घरी दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा. तिला एकटीला तिच्याच वेगाने मांडीवर थाप मारायला सांगा. थापा एकसारख्या पडतात का? मग एखादं गाणं लावा आणि त्याच्याबरोबर मारायला सांगा. बहुतेक मुलांना पहिलं जमतं आणि दुसरं डळमळतं, कारण आपला वेग सोडून दुसऱ्याचा पकडणं हे वेगळं काम आहे. दुसरं जमत नसेल तर उलटं करा: तिने मारावं आणि तुम्ही तिच्या वेगाने गावं. तिला जुळल्यासारखं काय वाटतं ते आधी अनुभवू द्या, मग हळूहळू वेग तुमच्याकडे ओढा.

आता वहीपेन, वेगाबद्दल. ठेकेदारांनी सांगितलेलं गिळलेलं पाऊल खरंच आहे, पण त्याशिवायही वर्ग पळतो आणि त्याची कारणं माझ्या अनुभवात दोन आहेत.

एक म्हणजे आवाज. तीस मुलं टाळी देतात तेव्हा सगळ्यात आधी आलेली टाळी सगळ्यांना ऐकू येते आणि पुढच्या वेळी प्रत्येक जण तिला गाठायला बघतो. म्हणजे वर्गाचा वेग नेहमी सगळ्यात उतावळं मूल ठरवतं. त्यात आवाज वाढला की जोश वाढतो आणि जोशाबरोबर वेग. म्हणून "हळू" असं ओरडू नका. मुलांना "हळू" म्हणजे आवाज कमी की वेग कमी हे कळत नाही आणि तुमच्या ओरडण्याने अजून चेव येतो. दोन बोटांनी तळहातावर टाळी द्यायला लावा. आवाज एवढा बारीक होतो की एकमेकांचं ऐकावंच लागतं. वेग तिथल्या तिथे सावरतो, बघाल.

दुसरं कारण हात. टाळीनंतर मुलांचे हात चार इंचांवर थांबून पुढच्या टाळीची वाट बघत ताटकळतात, आणि ताटकळलेला हात लवकर पडतो. मी मुलांना सांगते की टाळी दिल्यावर हातांनी हवेत गोल काढून परत यायचं. थांबायचं नाही, सतत फिरत राहायचं. गोल पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि तोच वेळ पुढच्या टाळीपर्यंतचा असतो. मधली रिकामी जागा हालचालीने भरली गेली की मूल ती खात नाही. गप्प मात्रेलाही, म्हणजे त्या गप्प पावलालाही, हेच. "गार" नंतर दोन्ही हात बाहेर उघडायचे, तळवे वर. ती शांतता "काही करायचं नाही" अशी सांगितली तर गायब होते, "हात उघडायचे" असं काम दिलं तर टिकते.

---

ठेकेदार:

हे आपल्याकडे आहेच की. तालात "खाली" नावाची जागा असते, तिथे हात बाजूला करतात तो याचसाठी. तीनतालात नवव्या मात्रेवर टाळी नाही, पण हात रिकामा बसत नाही, हलतो. फक्त खाली ही गप्प मात्रा नसते, तिथे तबला वाजतच असतो, एवढा फरक.

---

गणितमास्तर:

मृदुलाताई आणि ठेकेदार, ६० चा मुद्दा मी सोडला. घरी पुतण्यावर प्रयोग केला. ६० वर तो प्रत्येक टाळीला अर्धा सेकंद आधी पोहोचला आणि कंटाळून पळाला. ११५ वर छान बसला.

पण मेट्रोनोम सोडणार नाही. तुमच्या सगळ्या युक्त्यांनी वेग टिकला की नाही हे ठरवणार कोण? कान? ज्या बाई स्वतः मुलांबरोबर पळतायत त्यांचे कान?

---

मृदुला:

मुद्दा रास्त आहे. बाई पण पळतात. मी वर्गाचं रेकॉर्डिंग करते आणि नंतर टॅप करून वेग सांगणाऱ्या अ‍ॅपवर पहिली ओळ आणि शेवटची ओळ मोजते. एकदा सुरुवात ११२ ला होती आणि शेवट १४० च्या वर. मी जागेवर असताना मला अजिबात जाणवलं नव्हतं. ११२ चे ११८ झाले तर मी सोडून देते, एवढं माणूस वाजवतो म्हटल्यावर होणारच.

पण वर्गात मेट्रोनोम चालू ठेवून नाही. तीस मुलांच्या आवाजात तो ऐकू येत नाही, आणि ऐकू यावा म्हणून मोठा केला तर मुलं एकमेकांचं ऐकणं सोडतात. सुरुवातीचा वेग घ्यायला आठ टक ऐकायचे आणि बंद करायचा, एवढंच.

---

गणितमास्तर:

आणि आकडे? एक-दोन-तीन-चार म्हणण्यात काय वाईट आहे?

---

ठेकेदार:

वाईट काही नाही, पण तोंड एकच आहे. ओळी म्हणायच्या की आकडे? शिवाय आकड्यांचे तुकडे बघा. एक, दोन, तीन, चार चारही एकाच तुकड्याचे आहेत, ते ठीक. पण पुढे आठपर्यंत नेलंत की "सहा" येतो, दोन तुकड्यांचा, आणि लघुगुरू साहेबांचा "स-हाऽ" सुरू. मी गरज लागली तर सरळ बोल म्हणायला लावतो. एका पावलाला "ता", एका पावलात दोन असतील तर "तीती". मुलांना मजा येते, आणि लिहायलाही सोपं.

---

मृदुला:

हे ता-तीती हंगेरीतल्या कोडाय पद्धतीतून जगभर पसरलं. आणि पाय आधी हे स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझचं. तो जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवायचा, आणि त्यांनासुद्धा लय अंगात नसते हे बघून त्याने त्यांना चालायला लावलं. चुटकी-टाळी-मांडी-पाय असे अंगाचे चार आवाज वाद्यांसारखे वापरणं जर्मन कार्ल ऑर्फच्या पद्धतीत येतं. यातली चुटकी मात्र दुसरीत विसरा. बहुतेकांना वाजत नाही, आणि सगळा वेळ बोटांकडे बघण्यात जातो.

मांडीवर थाप मात्र टाळीपेक्षा चांगली. दोन्ही हात एकदम. आळीपाळीने उजवा-डावा नको, ते नंतर. आळीपाळीने द्यायला लागली की मुलं ढोल बडवल्यासारखी दुप्पट वेगाने सुटतात.

---

गणितमास्तर:

आकड्यांबद्दल अजून पटलेलं नाही. आठ मोजायचेच नाहीत, चारच मोजायचे. पण असो, वाद्यांवर या.

---

जुगाडू:

वाद्यांवर आलो. मी मुलांबरोबर टाकाऊतून वाद्यं करतो, त्यामुळे डबे-बाटल्यांचं मला विचारा.

पहिलं, सगळ्यांनी खुळखुळे आणले तर ठेका मेला. कारण सांगतो. बाटलीत दाणे टाकून हलवली की दाणे पुढे जाऊन एकदा आपटतात आणि मागे येताना परत आपटतात. मूल एक झटका देतं, आवाज दोन येतात, आणि तेही सांडल्यासारखे पसरट. असे तीस खुळखुळे म्हणजे नुसता पाऊस, कवितेत मागितलाय त्याच्या कितीतरी पट.

बाटली छोटी घ्या, मुलाच्या मुठीत मावेल अशी. दाणे अगदी थोडे, तळ झाकला जाईल एवढेच. अर्धी बाटली भरली की दाण्यांना हलायला पुरेशी जागा राहत नाही आणि फक्त खसखस येते. तांदळासारखं बारीक घातलं तर आवाज मऊ, राजम्यासारखं मोठं घातलं तर टणक. आणि हलवायची नाही! बाटली आडवी धरून दुसऱ्या तळहातावर आपटायची. दाणे एकदमच पडतात आणि एकच स्वच्छ आवाज येतो. हे एवढं बदललं तरी फरक कळेल.

झाकण नुसतं फिरवून बंद केलेलं चालणार नाही. गोंद लावून वर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे. उघडलं तर दाणे जमिनीवर, आणि लहान भावंडं असतील त्या घरी ते नाकात-तोंडात.

ठेक्यासाठी सगळ्यात खात्रीची वस्तू म्हणजे काठ्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, टोकं घासून गुळगुळीत. एक काठी सैल मुठीत स्थिर धरायची, दुसरीने तिच्यावर मारायचं. दोन्ही हवेत फिरवल्या तर निम्मे फटके चुकतात. गच्च धरली तर आवाज बसका येतो, मुलांना लगेच ऐकू येतं.

ढोलासाठी फुगा ताणून लावू नका. छान वाजतो पण दोन दिवसांत फाटतो, आणि काहींना रबराची ॲलर्जी असते. डब्याच्या तोंडावर रुंद पॅकिंग टेप ताणून आडवी-उभी-तिरकी अशी तीन-चार थर लावा, घट्ट. पत्र्याचा डबा असेल तर कडेला आधी टेप, हात कापतो. काठीऐवजी पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने वाजवा.

---

चष्मिष:

आणि वाद्य हातात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांचं काय? बाई बोलतायत आणि मागे कुणीतरी टक. टक. टक.

---

जुगाडू:

वाद्य वाटल्यावर लगेच "वाजवू नका" म्हणणं म्हणजे चेंडू देऊन खेळू नका म्हणणं. दहा सेकंद मनसोक्त गोंगाट करू द्या, हात वर केला की थांबायचं. दोन-तीनदा हा खेळच खेळा. मग वाद्य जमिनीवर पायांपुढे. बाई बोलताना वाद्य जमिनीवर. हातात असेल तर वाजणारच, त्यात मुलाचा दोष नाही.

---

निरंजना:

माझ्या वर्गात एक मूल आवाज वाढला की कान झाकून कोपऱ्यात जातं. त्याला वाद्याच्या दिवशी काय द्यायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. कुणी सांगू शकेल का?

---

मृदुला:

निरंजना, मी अशा मुलाला पायांच्या गटात ठेवते आणि दाराजवळची जागा देते. कधी एक मोठा बॉल दिला, दोन हातात धरून मांडीवर मऊ थाप. कुणाला आवडलं, कुणाला नाही. आधीच "आता दहा सेकंद गोंगाट होणार" असं सांगितलं की बऱ्याचदा जमतं, कारण अचानकपणा जास्त त्रास देतो. पण सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडेही नाही.

---

वहीपेन:

सगळ्यांचे आभार. दोन तास घेतले, म्हणून सांगते.

"मेघा" आणि "मोठा" घेतले. पायांवर पहिल्याच दिवशी सोळा पावलं जमली, हे मला खरं वाटेना. दोन गट केल्यावर टाळ्यांच्या गटातली मुलं तिसऱ्या ओळीत पायही आपटायला लागली, म्हणजे सात पावलं. तिथे "आम्ही देतो टाळ्या" ला सहा टाळ्या सलग येतात, आणि हात पायांना ओढून नेतात असं दिसलं. टाळ्यांच्या गटाला खाली बसवलं आणि प्रश्न मिटला. बसून पाय आपटता येत नाहीत.

गप्प पाऊल पहिल्या दिवशी गिळलं गेलं, अगदी ठेकेदार म्हणाले तसं. हात उघडायला सांगितल्यावर राहिलं. एका मुलाने विचारलं, "तिथे पाऊस पडतोय का?" मी हो म्हटलं. आता सगळे तिथे वर बघतात.

वाद्यांमध्ये काठ्यांच्या गटाला ठेका आणि बाटल्यांना शब्द दिले. हे उलटं झालं का? बाटल्या "आम्ही देतो टाळ्या" वर मागे पडतात.

---

जुगाडू:

हो, उलटं करा. आपटलेल्या बाटलीतले दाणे परत स्थिर व्हायला वेळ लागतो, एका पावलात दोन फटके तिला झेपत नाहीत. बाटल्यांना पावलं द्या, काठ्यांना शब्द.

---

ठेकेदार:

माझं मत वेगळं. ठेका धरणाऱ्या गटाचा आवाज सगळ्यात टोकदार हवा, नाहीतर बाकीचे कुणाला धरणार? काठ्या ठेक्यावरच ठेवा आणि बाटल्यांना फक्त प्रत्येक ओळीचं शेवटचं पाऊल द्या, "रे", "रे", "चार". चौथ्या ओळीत ते गप्प असल्यामुळे बाटलीवाल्यांनी हात उघडायचे. शब्दांच्या टाळ्या वाद्याशिवायच राहू द्या.

आणि वर्ग पक्का झालाय का हे बघायचं असेल तर तिसरी-चौथी ओळ मनातल्या मनात म्हणायला लावा, तोंड बंद, फक्त पाय चालू. मग "धाव" मोठ्याने. सगळ्यांचा "धाव" एकदम आला तर ठेका खरंच मुलांकडे आहे, तुमच्याकडे नाही.

---

जुगाडू:

शेवटच्या पावलाची कल्पना चांगली आहे. पण तीन फटक्यांसाठी मूल अख्खी कविता बाटली धरून बसेल यावर माझा विश्वास नाही. दुसरीतलं मूल बघितलंय ना?

---

वहीपेन:

गुरुवारी दोन्ही करून बघते. आधी जुगाडूंचं, मग ठेकेदारांचं. रेकॉर्डिंगही करते, गणितमास्तरांनी वेग मोजून सांगावा.

---

गणितमास्तर:

पाठवा. किती वाढला ते शेवटच्या ओळीपर्यंत ओळवार मोजून देतो.

---

चष्मिष:

आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंची प्रतिक्रिया? ती कुणीच मोजत नाहीये.